नोटीस पीरियडऐवजी पैसे भरून सुटता येतं का? आणि गार्डन लीव्ह म्हणजे नक्की काय? गोव्यातले अनुभव लिहा

मांडवीकाठ

वेर्णा, कुंडई, थिवीचे कारखाने असोत, पणजी-पर्वरीची ऑफिसं असोत की किनाऱ्यावरची हॉटेलं, नोकरी बदलताना गाडी एकाच ठिकाणी अडते. नवी कंपनी म्हणते महिन्याभरात या, जुनी म्हणते नव्वद दिवस भरल्याशिवाय सोडणार नाही. मधल्या दिवसांचे पैसे टाकून मोकळं होता येतं का, यावर ऑफिसात दहा जण दहा मतं देतात आणि त्यातलं एकही कागद बघून दिलेलं नसतं.

दुसरा प्रकार अलीकडे ऐकू येऊ लागलाय. राजीनामा दिला की कंपनीच सांगते, "उद्यापासून येऊ नका, पगार चालू राहील." म्हणजे आपण सुटलो की अडकलो?

ज्यांच्यावर हे गुदरलंय त्यांनी सविस्तर लिहा. अपॉइंटमेंट लेटरमध्ये नेमकं काय होतं, हिशेब कसा झाला, रिलीव्हिंग लेटर कधी हातात पडलं. कंपनीचं नाव लिहू नका, ते इथे महत्त्वाचं नाही.

काजूबोंड

मी लिहिते. औषध कंपनीत क्वालिटीला होते, ऑफिसर ग्रेड. गोष्ट 2023 ची. ग्रॉस पगार 60,000, त्यातला बेसिक 27,000. नोटीस 90 दिवस. राजीनामा 1 जुलैला दिला, म्हणजे नोटीस 28 सप्टेंबरला संपणार होती. नव्या कंपनीला मी 1 सप्टेंबरला हवी होते, कारण त्यांच्याकडे ऑडिट होतं. 31 ऑगस्टला सुटले तर 62 दिवस भरतात आणि 28 उरतात.

माझ्या लेटरमधलं वाक्य असं होतं: दोन्हीपैकी कोणीही 90 दिवसांची नोटीस देऊन किंवा तेवढ्या दिवसांचा बेसिक पगार देऊन नोकरी संपवू शकेल. म्हणून मला वाटलं, सरळ काम आहे. मॅनेजरनेही हो म्हटलं.

ऑगस्टच्या शेवटी एचआरकडून फुल अँड फायनलचा कागद आला. त्यात 28 दिवसांची वसुली ग्रॉसवर धरलेली, म्हणजे दिवसाला 2,000 प्रमाणे 56,000. त्याच्यावर 18 टक्के जीएसटी, 10,080. आणि माझ्या शिल्लक 14 रजांचे पैसे मात्र बेसिकवर, दिवसाला 900 प्रमाणे 12,600. मी भरायचे 53,480. ऑगस्टचा हातात येणारा पगारच जवळजवळ तेवढा.

घेताना ग्रॉस आणि देताना बेसिक, हे बघून मला खरंच चीड आली. पण फोन न करता मी मेल लिहिला, दोनच मुद्द्यांचा. पहिला, लेटरमधलं वाक्य जसंच्या तसं, आणि "बेसिक" हा शब्द अधोरेखित. दुसरा, केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाचं 3 ऑगस्ट 2022 चं परिपत्रक, क्रमांक 178/10/2022-GST. त्यात स्पष्ट आहे की नोटीस न भरल्याबद्दल कर्मचाऱ्याकडून कापलेली रक्कम ही कुठल्याही सेवेची किंमत नाही, म्हणून त्यावर जीएसटी लागत नाही. कंपनीचा एक्सेलचा नमुना त्याच्या आधीचा होता, कोणी बदललाच नव्हता.

नवा कागद आला त्यात 28 दिवस गुणिले 900, म्हणजे 25,200. त्यातून रजांचे 12,600 वजा. ऑगस्टच्या पगारातून 12,600 कापले आणि रिलीव्हिंग लेटर 31 तारखेचंच मिळालं. चवथीला नव्या कंपनीची सुट्टी घेऊन घरी होते.

लेटरमध्ये "बेसिक" नसून नुसतं "पगार" असतं तर मी काय केलं असतं, हे मात्र मला माहीत नाही.

रापणकार

ताई, एवढं पत्रव्यवहार कशाला? कायद्यातच आहे, एक महिन्याचा पगार टेबलावर ठेवला की माणूस मोकळा. कंपनीला अडवायचा अधिकारच नाही. आमच्या फॅक्टरीत वेल्डर, फिटर सगळे असेच गेले. नव्वद दिवस वगैरे एचआरवाले घाबरवायला लिहितात.

बेतोडा गेट

रापणकार, तुमच्या फॅक्टरीपुरतं तुम्ही बरोबर आहात, पण ते सगळ्यांना लावू नका. मी औद्योगिक वसाहतीत पर्सोनेलमध्ये आयुष्य काढलं, म्हणून थोडं लिहितो.

ज्या कारखान्याला स्टँडिंग ऑर्डर, म्हणजे कामगारांच्या नोकरीच्या अटींचे कायद्याने ठरलेले नियम, लागू असतात तिथे कायम कामगाराला महिन्याची नोटीस किंवा तिच्याऐवजी महिन्याचा पगार, असा पर्याय असतो आणि तो दोन्ही बाजूंना असतो. मॉडेल स्टँडिंग ऑर्डरमध्ये तसं लिहिलेलंच आहे. तुमचे वेल्डर आणि फिटर त्यात बसतात. काजूबोंड ताईंसारखे ऑफिसर, मॅनेजर, आयटीवाले बहुतेक वेळा त्यात बसत नाहीत. त्यांचा कायदा म्हणजे त्यांनी सही केलेलं पत्र.

आणि पत्रांत मी तीन तऱ्हा पाहिल्यात. एकात "कोणत्याही बाजूने नोटीस किंवा तिच्याबदल्यात पगार" असतं. तिथे निवड तुमची, कंपनीची परवानगी लागत नाही. दुसऱ्यात "कंपनी आपल्या मर्जीने नोटीसऐवजी पैसे स्वीकारू शकेल" असतं. तिथे तुम्ही फक्त विनंती करू शकता. तिसऱ्यात पैशांचा उल्लेखच नसतो, नुसती नोटीस. दुसरं आणि तिसरं वाचूनही लोक पहिलं आहे असं समजून नव्या कंपनीला तारीख देऊन टाकतात, आणि तिथेच सगळा घोळ होतो. राजीनामा टाकण्याआधी तेवढं एक वाक्य वाचा. नंतर आलेली एचआर पॉलिसीही वाचा, कारण कित्येक पत्रांत "पॉलिसी वेळोवेळी बदलेल ती लागू" असं असतं, आणि 30 चे 90 त्यातूनच होतात.

म्हादई

बेतोडा गेट काका, माझ्या पत्रात दुसरी तऱ्हा आहे, "कंपनीच्या मर्जीने". आयटीत आहे, पर्वरीला. मी पैसे द्यायला तयार आहे, मॅनेजर नाही म्हणतो, प्रोजेक्ट मध्यावर आहे म्हणे. पैसे खात्यात भरून सरळ गेले तर? पोलीस केस होते असं एचआरने सांगितलं.

बेतोडा गेट

पोलिसांचा यात काही संबंध नाही. कंपनीचं सामान, लॅपटॉप, डेटा परत केलात तर हा निव्वळ दिवाणी मामला आहे. कुठलंही कोर्ट माणसाला जबरदस्तीने नोकरीवर बसवत नाही, स्पेसिफिक रिलीफ कायद्यात वैयक्तिक सेवेचा करार तसा राबवता येत नाही. कंपनी मागू शकते ती नुकसानभरपाई, आणि करारात रक्कम ठरलेली असेल तर करार कायद्याच्या कलम 74 प्रमाणे ती रक्कम ही कमाल मर्यादा, तीही वाजवी असेल तेवढीच.

पण म्हादई बाय, कंपनीची खरी पकड कोर्टात नसते, रिलीव्हिंग लेटरमध्ये असते. नवी कंपनी ते मागते, जुनी देत नाही, आणि रेकॉर्डला "अ‍ॅबस्कॉन्डिंग" असा शेरा मारते. तुम्ही पैसे भरून गेलात तरी तो शेरा पुसायला महिने जातात. म्हणून मी मुलांना सांगत असे, "नाही" हे उत्तर लेखी घ्या आणि मग त्यांना तारखेसह योजना द्या: हॅण्डओव्हर कोणाला, कधी पूर्ण, उरलेले दिवस किती, पैसे किती. मॅनेजरचा नकार बहुतेक वेळा पैशासाठी नसतो, काम कोण करणार यासाठी असतो.

म्हादई

हे करून बघते. पण नवी कंपनी थांबली नाही तर जाणारच आहे, एवढं ठरवलंय.

शॅक ते किचन

नमस्कार. मी कळंगुट भागातल्या एका हॉटेलात कुक. आमच्याकडे दरवर्षी पाऊस सुरू झाला की अर्ध्या लोकांना "लीव्हवर जा, सीझनला बोलावतो" म्हणतात. पगार नाही. हीच का ती गार्डन लीव्ह? आणि त्या काळात दुसरीकडे काम केलं तर मालक बोलू शकतो का? मागच्या वर्षी मी बेळगावला एका लग्नाच्या केटरिंगला गेलो होतो, त्यावरून ऑक्टोबरमध्ये फार बोलणी खाल्ली.

बेतोडा गेट

नाही बाब, ही ती नव्हे. गार्डन लीव्हमध्ये तुमचा पगार एक पैसाही कमी होत नाही, आणि ती राजीनाम्यानंतरच्या नोटीसच्या काळातच असते. तुमची ही पावसाळी बिनपगारी बैठक आहे. तिच्यात पगारही नाही आणि दुसरं कामही नाही, अशी अट मालक घालत असेल तर ती अन्यायाची आहे. तुमचं कार्ड, हजेरी, पगाराच्या स्लिपा घेऊन पणजीला पाटोवर श्रमशक्ती भवनात लेबर कमिशनरच्या ऑफिसात जाऊन विचारा. तुम्ही कामगार आहात, तुमची तक्रार तिथे घेतली जाते. मॅनेजर लोकांना तिथे तेवढा आधार मिळत नाही.

दोनापावल

गार्डन लीव्ह माझ्या वाट्याला आली, ती लिहितो.

मी वित्तसंस्थेत गोव्याचा विभागप्रमुख होतो, डीलर आणि मोठी खाती माझ्याकडे. सकाळी राजीनाम्याचा मेल टाकला, कुठे चाललोय ते विचारलं तेव्हा खरं सांगितलं, स्पर्धक कंपनी होती. दुपारी जेवून परत आलो तर मेल बंद. चारच्या सुमारास एचआरच्या बाईंनी केबिनमध्ये बोलावलं आणि एक पानाचं पत्र दिलं. तीन महिने नोटीस, पूर्ण काळ गार्डन लीव्ह, ऑफिसात यायचं नाही, ग्राहकांशी बोलायचं नाही, फोनवर उपलब्ध राहायचं, आणि या काळात दुसरीकडे रुजू व्हायचं नाही. लॅपटॉप, सिम, अ‍ॅक्सेस कार्ड तिथेच काढून घेतलं. गाडी वैयक्तिक वापरासाठी करारात होती, म्हणून ती शेवटच्या दिवसापर्यंत राहिली.

पगार दर महिन्याला वेळेवर आला. पीएफ कापला गेला आणि कंपनीचा हिस्साही भरला गेला, मेडिक्लेम चालू राहिला. म्हणजे कागदावर मी शंभर टक्के त्यांचाच नोकर होतो.

मी त्यांना म्हटलं, मला या तीन महिन्यांचा पगारच नको, उलट मी भरतो, सोडा. नाही म्हणाले. आणि तसं म्हणणं त्यांना शक्य होतं, कारण माझ्या पत्रात नोटीसऐवजी पैसे देण्याचा पर्याय फक्त कंपनीकडे होता. बायआउट आणि गार्डन लीव्ह यातला हा फरक मला त्या केबिनमध्ये कळला. पैसे भरून तुम्ही काळ विकत घेता आणि त्या दिवशी करार संपतो. गार्डन लीव्हमध्ये कंपनी पगार देऊन तुमचा काळ विकत घेते आणि करार शेवटच्या दिवसापर्यंत जिवंत राहतो. त्यांना मी बाजारापासून तीन महिने लांब हवा होतो, आमचे नवे दर जुने होईपर्यंत.

माझ्याच हाताखालच्या एकाने असा पगार घेत घेत गुपचूप दुसरीकडे सुरुवात केली. नव्या कंपनीने त्याच्या यूएएनवर पहिल्या महिन्याचा पीएफ भरला आणि ईपीएफओच्या पासबुकात एकाच महिन्यात दोन कंपन्यांचा भरणा दिसला. बॅकग्राउंड तपासणीत तेच पहिल्यांदा बघतात. दोन्हीकडून त्याला उत्तरं द्यावी लागली.

एक गोष्ट अजून मिटलेली नाही. त्या तिमाहीचा इन्सेन्टिव्ह त्यांनी दिला नाही, "प्रत्यक्ष काम केलं नाही" म्हणून. मला कामापासून लांब त्यांनी ठेवलं, मी नव्हे. पत्रव्यवहार चालू आहे.

सांतइनेज

दोनापावल, तीन महिने संपल्यावर पुढे आणखी सहा महिने स्पर्धकाकडे जायचं नाही, असंही होतं का तुमच्या पत्रात? माझ्यात आहे, आणि त्या काळात अर्धा पगार देऊ असं लिहिलंय. त्यालाही ते गार्डन लीव्हच म्हणतात.

बेतोडा गेट

दोनापावल यांच्यासारखी, नोटीसच्या आतली गार्डन लीव्ह आणि नोकरी संपल्यानंतरची ही बंदी, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. नाव एकच दिलं म्हणून एक होत नाहीत. नोकरी चालू असताना दुसरीकडे काम करू नका असं सांगणं साधारण टिकतं. नोकरी संपल्यावर पोटापाण्याचा धंदा करू नका असं सांगणारी अट करार कायद्याच्या कलम 27 वर आपटते.

गोवा मुंबई उच्च न्यायालयाच्या कक्षेत येतो, म्हणून हे आपल्याला जास्त लागू. व्हीएफएस ग्लोबलच्या प्रकरणात नोकरी सोडल्यानंतर तीन महिने पगाराइतके पैसे देऊन माणसाला दुसरीकडे जाण्यापासून रोखणारं असंच कलम होतं. न्यायालयाने ते व्यवसायबंदीच मानलं आणि कंपनीला मनाई हुकूम दिला नाही. पैसे देताय म्हणून संपलेली नोकरी चालू होत नाही, असा त्याचा रोख. पण गोपनीय माहिती, ग्राहकांच्या याद्या बाहेर नेल्यात तर तो बचाव चालणार नाही, तो वेगळा विषय आहे. तुमचं पत्र एखाद्या वकिलाला दाखवा, कारण शब्दाशब्दांत फरक पडतो.

सांतइनेज

आभार काका. आता मी माझा करांचा अनुभव देतो, कारण बायआउटमध्ये पैसे कुठे जातात हे कोणी सांगत नाही.

याआधीच्या बदलात नव्या कंपनीने "नोटीस आम्ही विकत घेतो" सांगितलं होतं. जुन्या कंपनीने एक लाख कापले. नव्या कंपनीने पहिल्या पगारात एक लाख दाखवले, पण हातात 68,800 आले. कारण ती रक्कम माझ्या पगारात धरली गेली, मी 30 टक्क्यांच्या टप्प्यात, वर 4 टक्के सेस, म्हणजे 31,200 टीडीएस. उरलेली तूट माझ्या खिशातून. ऑफर स्वीकारतानाच "एक लाख हातात" असं लिहून घेतलं असतं तर कंपनीने कराचा बोजा धरून रक्कम वाढवली असती. आमच्या टीमला नंतर आलेल्या मुलीने तसं लिहून घेतलं आणि तिला पूर्ण मिळाले.

वर जुन्या कंपनीच्या फॉर्म 16 मध्ये माझा पगार पूर्ण, एक लाख कापल्याचा पत्ताच नाही. म्हणजे न मिळालेल्या पैशावरही कर. माझ्या सीएने सांगितलं की अहमदाबादच्या आयकर न्यायाधिकरणाने 2017 मध्ये कापलेली नोटीसची रक्कम करपात्र पगारातून वगळली होती. पण वजावटीच्या कलमात त्यासाठी वेगळी जागा नाही, त्यामुळे रिटर्नमध्ये तसा दावा केला तर विभाग विचारू शकतो. मी दावा केला, फुल अँड फायनलचा कागद जपून ठेवलाय.

काजूबोंड

हे मला माहीत नव्हतं! माझ्याही फॉर्म 16 मध्ये वजावट दिसत नाही. आजच सीएला विचारते.

तिस्क

माझी मुलगी एका खासगी इस्पितळात नर्स आहे. तिच्याकडून दोन वर्षांचा बाँड आणि मूळ सर्टिफिकिटं घेतलीत. आता तिला आखातात संधी आलीय. नोटीसचा एक महिना ती भरणार आहे. मग सर्टिफिकिटं देतील ना? फोंड्याला कोणी ओळखीचे असतील तर सांगा.

बेतोडा गेट

तिस्क ताई, बाँड आणि नोटीस वेगळे. नोटीस भरली म्हणून बाँड सुटत नाही. बाँडमध्ये ट्रेनिंगवर खरा खर्च केलाय का, किती, ते त्यांना दाखवावं लागतं. पण मूळ सर्टिफिकिटं अडकवून ठेवायचा अधिकार त्यांना नाही. मुलीला आजच लेखी मागणीपत्र द्यायला सांगा आणि त्याची पोच घ्या. पुढचं पत्र वाचून बोलू, मला व्यक्तिगत निरोप पाठवा.

रापणकार

काका, एक विचारतो. आमच्या एकाची नोटीस बाकी होती म्हणून कंपनीने ग्रॅच्युइटीतून कापली. तेही चालतं काय?

बेतोडा गेट

चालत नाही. ग्रॅच्युइटी फक्त कायद्यात दिलेल्या कारणांवरून, म्हणजे नुकसान केल्याबद्दल किंवा गैरवर्तनाबद्दल कामावरून काढलं तरच रोखता येते. नोटीस कमी पडली हे त्यातलं कारण नाही. अर्ज करायला सांगा, कंपनी देत नसेल तर कंट्रोलिंग अ‍ॅथॉरिटीकडे जाता येतं. पीएफला तर हातच लावता येत नाही. कंपनी "डेट ऑफ एग्झिट" टाकत नसेल तर शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी माणूस स्वतः यूएएन पोर्टलवर `Manage` मध्ये `Mark Exit` करू शकतो.

आणि नव्या वेतन संहितेप्रमाणे, जी 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली, राजीनाम्यानंतर दोन कामकाजाच्या दिवसांत पगार चुकता करायचा आहे. पंचेचाळीस दिवसांनी फुल अँड फायनल करू म्हणणाऱ्यांना हे लेखी विचारा.

दोनापावल

काका, मग माझ्या इन्सेन्टिव्हबद्दल काय? तो पगारात येतो की नाही?

बेतोडा गेट

ते योजनेच्या कागदावर अवलंबून. "तिमाहीच्या शेवटी रोलवर असलेल्यांना" असं लिहिलं असेल तर तुम्ही रोलवर होताच, मुद्दा मजबूत. "कंपनीच्या मर्जीने" असं असेल तर कठीण. योजनेचं ते पान नावं खोडून इथे टाकता आलं तर बघू.

दोनापावल

ते पान ऑफिसच्या मेलवर होतं आणि मेल त्याच दुपारी बंद झाला. जुन्या सहकाऱ्याकडे मागितलं तर त्याला अडचण होईल. एचआरला लेखी मागितलंय, उत्तर आलं की इथेच लिहितो.